जाळीची तार फुटेजमधून घालवायची तर: लेन्सचं भोक, तारेची जाडी आणि मधलं अंतर

प्रश्न: मुलीच्या टेनिस मॅचचं शूटिंग कोर्टाच्या चेनलिंक जाळीबाहेरून करतो. कॅमेरा एपीएस-सी, लेन्स ५५-२५० मिमी, f/4-5.6. बेसलाइनच्या मागे, जाळीपासून दीडेक मीटरवर ट्रायपॉड लावला, झूम १०० मिमी, ॲपर्चर f/8. पलीकडच्या टोकाला खेळणारी मुलगी शार्प आली, पण सगळ्या फ्रेमवर तिरक्या करड्या पट्ट्या आहेत. पुढे सरकून पाहिलं तर पट्ट्या फिक्या होण्याऐवजी जाडच झाल्या. तार पूर्ण घालवायला नेमकं काय बदलू?

उत्तर:

जवळ गेल्यावर पट्ट्या जाड झाल्या, हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. "जाळीला चिकटा आणि ॲपर्चर उघडा" हा सल्ला सगळेच देतात, पण ती दोन कामं वेगवेगळी आहेत हे सहसा कुणी सांगत नाही. तार किती गडद दिसणार हे ॲपर्चर ठरवतं. ती किती रुंद पसरणार हे अंतर ठरवतं. तुम्ही नुसतं अंतर कमी केलंत, म्हणून तेवढ्याच गडद पट्ट्या रुंद झाल्या.

हे कसं होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. पलीकडे उभ्या असलेल्या मुलीच्या टोपीवरचा एक ठिपका घ्या. त्या ठिपक्यापासून निघालेला प्रकाश तुमच्या लेन्सच्या अख्ख्या भोकात शिरतो, म्हणजे ठिपक्यापासून लेन्सपर्यंत प्रकाशाचा एक लांबट शंकू तयार होतो. जाळी लेन्सच्या जवळ आणि मुलगी खूप लांब असली, की जाळीपाशी हा शंकू जवळजवळ लेन्सच्या भोकाएवढाच जाड असतो. तार त्या शंकूतून आडवी जाते आणि आपल्या जाडीपुरता प्रकाश अडवते. बाकीचा प्रकाश तारेच्या दोन्ही बाजूंनी आत येतो आणि तो ठिपका सेन्सरवर शार्पच उमटतो, फक्त थोडा काळपट होऊन. किती काळपट, हे तारेची जाडी आणि भोकाची रुंदी यांच्या प्रमाणावर ठरतं.

या हिशेबात जाळीचं लेन्सपासूनचं अंतर जवळजवळ येतच नाही. जाळी दीड मीटरवर आणि मुलगी ३० मीटरवर असेल, तर जाळीपाशी शंकूची जाडी भोकाच्या ९५ टक्के असते. जाळी १० सेंमीवर आणली तरी ती साधारण १०० टक्केच होते. फरक नगण्य. (कॅमेरा दीड मीटर मागेच असताना मुलगी जाळीपासून मीटरभरावर आली तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा शंकू जाळीपाशी बराच बारीक झालेला असतो आणि तार पुन्हा डोकं वर काढते.)

भोक म्हणजे f-नंबर नव्हे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. भोकाचा व्यास मिळतो फोकल लेंग्थला f-नंबरने भागून. तुमच्या १०० मिमी f/8 ला तो साडेबारा मिमी होतो. चेनलिंकची तार साधारण अडीच ते साडेतीन मिमी जाड असते, आपण तीन धरू. गोल भोकाच्या बरोबर मधून तार गेली, की अडलेला प्रकाश म्हणजे तारेची जाडी भागिले भोकाचा व्यास, आणि त्याची सव्वापट. साडेबाराला तीन म्हणजे २४ टक्के, सव्वापटीने ३०. म्हणजे पट्टीच्या मध्यावर तुमचं चित्र जवळपास अर्धा स्टॉप काळं आहे. तेवढा फरक कुणालाही दिसतो.

आता हीच लेन्स १०० मिमीवर पूर्ण उघडा. तिथे ती साधारण f/5 पर्यंत उघडेल, भोक २० मिमी आणि अडलेला प्रकाश १९ टक्के. २५० मिमीवर f/5.6 ला भोक ४५ मिमी होतं आणि तार साडेआठ टक्क्यांवर येते. म्हणजे झूम केल्यावर f-नंबर वाढला, लेन्स "काळी" झाली, तरी तार फिकी झाली. ५५ मिमीला ही लेन्स f/4 पर्यंत उघडते, पण तिथे भोक जेमतेम १४ मिमी. f-नंबरकडे बघून निर्णय घेतला तर इथे नेमकी उलटी चूक होते. मिमी मोजा. आणि फोकल लेंग्थ लेन्सवर छापलेली, खरी घ्या. फुल फ्रेमशी तुलना करून सांगितलेला आकडा इथे कामाचा नाही.

भागाकारावर विश्वास बसत नसेल तर लेन्स समोरून, हातभर अंतरावरून बघा. आत जो उजेडाचा गोल दिसतो त्याच्यापुढे मोजपट्टी धरा. तोच तो व्यास. आणि तो गोल पुढच्या काचेवर नसून बराच आत, खोल बसलेला दिसेल. हा खोलपणा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता अंतराकडे येऊ. जाळीतल्या समांतर तारांमध्ये साधारण ५० मिमी जागा असते. टेनिस कोर्टाभोवती थोडी बारीक, ४५ मिमीची जाळीही दिसते, म्हणून एकदा पट्टी लावून मोजाच. तुमची फ्रेम १०० मिमीला दीड मीटरवर ३५ सेंमी रुंद भरते. म्हणजे तुमच्या चित्रात जाळीची सातेक घरं मावत होती आणि प्रत्येक तारेची स्वतंत्र पट्टी उमटत होती. आता लेन्स जाळीला टेकवली असं समजा. भोक पुढच्या काचेपासून आठ-दहा सेंमी आत असतं, म्हणून जाळी आणि भोक यांत १० सेंमी धरा. तेवढ्या अंतरावर फ्रेमची रुंदी २३-२४ मिमी, म्हणजे एका घराच्याही अर्धी. आता "सात घरं" हा प्रश्नच उरत नाही. एक तर चित्र एका घरातून आरपार जातं, नाहीतर एखाद्या तारेची सावली इतकी पसरते की फ्रेमचा एक कोपरा हलकासा दबलेला वाटतो.

म्हणून तार घालवायचे दोन रस्ते आहेत. एक, प्रकाशाचे सगळे शंकू एका घरातून बाहेर काढायचे, म्हणजे तार वाटेत येणारच नाही. दोन, भोक जाळीच्या घराएवढं किंवा त्याहून मोठं करायचं, म्हणजे तार वाटेत येईल पण सगळ्या चित्रावर सारखी पसरेल. तुमची गडबड या दोन्हींच्या मधोमध झाली: भोक लहान आणि अंतर मोठं. यापेक्षा वाईट जोडी सापडणं कठीण.

कोणता रस्ता घ्यायचा हे एकाच गोष्टीवर ठरवा: कॅमेरा एका जागी बांधून ठेवणार आहात, की खेळाडूबरोबर फिरवणार आहात?

आधी बांधलेली फ्रेम घेऊ, कारण तुमच्याकडे आहे त्या सामानात ती सगळ्यात स्वच्छ निघते. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, बेसलाइनपासून मागची जाळी साधारण ६.४ मीटरवर, म्हणजे पलीकडची बेसलाइन तुमच्यापासून ३० मीटरवर. १०० मिमीला तिथे फ्रेम सात मीटर रुंद भरते. सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद असतं, तेव्हा पूर्ण रुंदी हवी असेल तर ८५ मिमीपर्यंत मागे या. आता f/5 चं २० मिमीचं भोक, ५० मिमीचं घर आणि १० सेंमी अंतर घेतलं, तर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांतून येणारे शंकूसुद्धा घराच्या आतून जातात. जेमतेम जातात, अर्धाएक मिमी राखून, पण जातात. कागदावर चौकोन काढून हे मी पडताळलंय आणि मैदानावरही तसंच दिसतं: तारेचं नामोनिशाण नाही. ८५ मिमीला कोपऱ्यांत किंचित सावली येईल. ती कडेच्या नेहमीच्या काळपटपणासारखी दिसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पण "जेमतेम" असल्यामुळे लेन्स घराच्या बरोबर मध्यावर हवी, आणि हे नजरेने जमत नाही. मी असं करतो. पुढचं हूड काढून ठेवतो, कारण हूडची लांबी म्हणजे वाया गेलेलं अंतर. ट्रायपॉड जाळीला भिडवतो, लेन्स एका घरासमोर आणतो. मग ॲपर्चर मुद्दाम f/22 पर्यंत बंद करतो. भोक साडेचार मिमीवर येतं आणि जवळची तार कोपऱ्यात काळी, स्पष्ट उमटते. आता कॅमेरा हळूच डावीकडे सरकवायचा, एका बाजूला तार डोकावली की जागा लक्षात ठेवायची, मग उजवीकडे सरकवून दुसऱ्या बाजूची तार डोकावेपर्यंत जायचं आणि दोन्हींच्या मधोमध थांबायचं. तसंच वर-खाली. जागा पक्की झाली की ट्रायपॉड आवळायचा आणि ॲपर्चर पुन्हा पूर्ण उघडायचं. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात.

लेन्स जाळीला घट्ट दाबू मात्र नका. झूम लेन्सची पुढची नळी बाहेर आलेली असते. तिच्यावर दाब आला की झूम सरकतो, फोकस मोटरला ताण पडतो, आणि चेंडू जाळीवर आपटला की अख्खी फ्रेम थरथरते. सेंटीमीटरभर फट ठेवा. मऊ रबरी हूड असेल तर ते टेकवलेलं चालतं, कारण ते धक्का गिळतं.

तुम्ही f/8 बहुधा "थोडा फोकसचा वाव मिळेल" म्हणून ठेवला असणार. तो वावही तपासून बघा. ३० मीटरवर फोकस असताना १०० मिमी f/8 ला शार्प भाग साधारण २० मीटरपासून ५८ मीटरपर्यंत असतो, आणि f/5 ला २३ पासून ४३ पर्यंत. पलीकडची खेळाडू दोन्हींत आरामात बसते. अलीकडची खेळाडू सहा-सात मीटरवर असते, ती दोन्हींत बाहेरच. म्हणजे f/8 ने तुम्हाला कामाचं काहीच दिलं नाही, उलट भोक वीसवरून साडेबारावर आणलं.

आता दुसरा रस्ता, कॅमेरा फिरवण्याचा. इथे घरातून नेम धरायचा मार्ग संपतो. ट्रायपॉडच्या डोक्याचा आस जाळीपासून ३० सेंमी मागे असेल आणि तुम्ही २० अंश पॅन केलं, तर फ्रेमच्या मध्याची रेषा जाळीवर ११ सेंमी सरकते. म्हणजे दोन घरं ओलांडली. प्रत्येक तार ओलांडताना चित्र काळवंडतं आणि पुन्हा उजळतं.

हे मी फार महाग किमतीत शिकलो. एका शाळेच्या फुटबॉल सामन्याचं काम होतं, गोलमागच्या जाळीतून. लेन्स जाळीला लावली, उभी फ्रेम तपासली, अगदी स्वच्छ. मग पूर्ण सामना खेळाडूंमागे कॅमेरा फिरवत शूट केला. छोट्या स्क्रीनवर काही कळलं नाही. एडिटला बसलो तेव्हा प्रत्येक पॅनमध्ये उजेड धडधडत होता, जणू कुणी पंख्याच्या पात्यांतून शूटिंग केलंय. स्थिर चित्रात पाच-सात टक्क्यांची सावली डोळ्याला दिसत नाही, पण ती सरकायला लागली की लगेच दिसते. त्यातले निम्मे शॉट टाकून द्यावे लागले आणि त्या मुलांचे दोन गोल त्यातच होते. ते अजून सलतं.

पॅन करायचं असेल तर भोक मोठं हवं, दुसरा इलाज नाही. भोक जाळीच्या घराएवढं झालं, की एक तार शंकूतून बाहेर पडते न पडते तोच शेजारची आत येते. अडणारा प्रकाश जवळपास कायम राहतो. तीन मिमीची तार आणि ५० मिमीचं घर, दोन दिशांच्या तारा धरून एकूण सुमारे १२ टक्के, म्हणजे पाव स्टॉपपेक्षाही कमी. एवढा सगळीकडे सारखा अंधार एक्स्पोजरमध्ये भरून निघतो. तुमच्या झूमला हे २००-२५० मिमीवरच साधतं, ३६ ते ४५ मिमी भोक. तिथे ३० मीटरवर फ्रेम तीन-साडेतीन मीटर रुंद भरते, म्हणजे एका खेळाडूमागे फिरण्याजोगी. मोकळी फ्रेम ठेवून पॅन करायचं असेल तर ८५ मिमी f/1.8 सारखी लेन्स कुणाकडून मागून आणा, तिचं भोक ४७ मिमी. ७०-२०० f/2.8 असेल तर २०० ला भोक ७१ मिमी आणि अशा जाळीसमोर ती निर्धास्त चालते, पण ७० ला तिचंही भोक २५ मिमीच असतं हे विसरू नका.

सोबत एक साधी गोष्ट करा: डोक्याचा आस जाळीच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. कॅमेरा प्लेटवर मागे सरकवा, म्हणजे लेन्सचं तोंड आसाच्या जरासं पुढे राहील. आस १२ सेंमीवर आला तर तेच २० अंशांचं पॅन जाळीवर साडेचार सेंमीत संपतं. शिवाय फिरवताना लेन्स जाळीवर घासत नाही.

आता उघड्या ॲपर्चरने येणारा उन्हाचा प्रश्न. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० ठेवलं तर एक्स्पोजर f/22 च्या आसपास बसतो. f/5 पर्यंत यायला सव्वाचार स्टॉप कमी करायला हवेत, म्हणजे एनडी१६ फिल्टर, आणि थोडी राखीव जागा हवी तर एनडी३२. फिल्टर नसेल तर शटर १/१००० करा. हालचाल जराशी तुटक वाटते, पण मॅचचं फुटेज प्रशिक्षकाबरोबर बसून बघायचं असेल तर तेच बरं, कारण रॅकेट आणि चेंडू प्रत्येक फ्रेममध्ये स्वच्छ थांबलेले दिसतात. ऊन जास्त म्हणून ॲपर्चर बंद करणं, एवढं मात्र करायचं नाही. जाळीतून शूट करताना ॲपर्चर हे उजेड सांभाळायचं साधन राहत नाही, ते तार घालवण्याच्या कामाला लागलेलं असतं. ऑटो एक्स्पोजरही बंद ठेवा, नाहीतर तो सावलीच्या प्रत्येक लहरीमागे धावेल. आणि ऑटोफोकस? तो तार पकडायला टपलेलाच असतो. पलीकडच्या बेसलाइनवर फोकस करून मॅन्युअलवर टाका. नेटकडे धावून आली नाही तर खेळाडू त्याच पट्ट्यात असते.

इथपर्यंत मी तार काळी धरून बोललो. तार उन्हात असली की ती नुसता प्रकाश अडवत नाही, स्वतःचाही ओतते. गॅल्व्हनाइज्ड तारेवर ऊन पडलं की ती आरशासारखी चमकते, आणि तेवढी चमक भोकभर पसरून चित्रावर दुधाळ पडदा चढतो. कित्येकदा तार गेलेली असते, पण सगळं फुटेज फिकट, धुकट दिसतं आणि माणूस लेन्सला दोष देतो. म्हणून आधी ओळखायला शिका. पट्ट्या चित्रापेक्षा काळ्या असतील तर भोक लहान आहे, ॲपर्चर उघडा. पट्ट्या चित्रापेक्षा उजळ असतील तर तारेवर ऊन आहे, सावली करा. तुमच्या पट्ट्या "करड्या" आहेत असं म्हणता. त्या हिरव्या किंवा निळ्या कोर्टावर उजळ दिसत होत्या की काळ्या, ते फुटेज पुन्हा लावून बघा.

सावली करायची म्हणजे लेन्ससमोरच्या वीतभर जाळीवरचं ऊन अडवायचं, बस. काळं कापड वरून टांगा, मदतीला आलेल्या कुणाला उन्हाच्या बाजूने उभं करा, टोपी धरली तरी चालते. जाळी मागून येणाऱ्या उन्हात न्हात असेल आणि दुसरं काहीच जमत नसेल, तर कोर्टाच्या ज्या टोकाला जाळी सावलीत आहे तिकडे जा. परवानगी असेल तर लेन्ससमोरच्या चार-पाच तारांना मॅट काळी कापडी टेप गुंडाळता येते, शूट संपल्यावर काढून टाकायची. हिरवं प्लास्टिक चढवलेली जाळी असेल तर हा त्रास मुळातच कमी असतो. सगळीकडे सारखा पसरलेला दुधाळपणा एडिटमध्ये काळा रंग खाली ओढून बराच निघतो. पट्ट्या मात्र तशा निघत नाहीत.

काही गोष्टी यातून जात नाहीत, त्याही सांगतो. तार दिसेनाशी झाली तरी ती भोकासमोर असतेच, आणि फोकसबाहेरच्या ठळक ठिपक्यांत तिची खूण उमटते. मागे झाडांच्या पानांतून चकाकणारं ऊन असेल तर ते उजेडाचे गोल मधोमध चिरलेले दिसतात, कडा दुहेरी होतात, आणि संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक दिव्यातून तारांना काटकोनात टोकदार किरण फुटतात. ॲपर्चर उघडल्याने हे जात नाही. उपाय एवढाच की मागे चकाकणारं काही येणार नाही अशी फ्रेम धरायची. तार भोकासमोर येऊच न देणाऱ्या पहिल्या रस्त्यात ही अडचण येत नाही, म्हणून जमेल तिथे मी तोच निवडतो.

आणि पलीकडची जाळी तर दिसणारच. ती तुमच्या मुलीच्या मागे सहा-सात मीटरवर आहे, म्हणजे तुमच्यापासून ३६ मीटरवर, तुमच्या शार्प पट्ट्याच्या आत. ती मागचा देखावा म्हणून स्वीकारायची. तिच्यावर काळी किंवा हिरवी ताडपत्री बांधलेली असेल तर उत्तमच.

मोबाइलचं विचारलं नाहीत, पण घरचं कुणीतरी मोबाइलवर घेत असेलच. मोबाइलच्या मुख्य लेन्सचं भोक तीन-चार मिमी, म्हणजे तारेएवढंच. दूर उभं राहून त्याने तार घालवणं अशक्य आहे, ती पूर्ण काळीच उमटेल. पण त्याची काच एवढीशी असल्यामुळे ती घराच्या मध्यावर टेकवली की चित्र पूर्ण मोकळं निघतं, जाळीपासून दोनेक सेंमी मागे राहिलं तरी. फक्त झूम केलं की मोबाइल मुकाट्याने दुसऱ्या लेन्सवर जातो आणि ती नेमकी तारेमागे असू शकते. म्हणून कोणती लेन्स चालू आहे ते एकेका लेन्सवर बोट ठेवून आधी तपासा आणि मगच मोबाइल जाळीला लावा.

आता तुमच्या पुढच्या मॅचचा बेत. टेनिसमध्ये पहिल्या गेमनंतर आणि मग दर दोन गेमनंतर बाजू बदलतात. मुलगी अलीकडे आली की ती तुमच्यापासून सहा-सात मीटरवर असेल. तिथे १०० मिमीला फ्रेम दीड मीटरच भरते, ५५ मिमीला तीन मीटर, आणि ५५ ला भोक १४ मिमी. शिवाय ती इतक्या जवळ सारखी फ्रेमबाहेर पळणार, म्हणजे पॅन आलंच. लहान भोक आणि पॅन ही जोडी टाळायची आहे. म्हणून बाजू बदलण्याच्या दीड मिनिटात, पहिल्या गेमनंतर तर त्याहूनही कमी वेळात, तुम्हीही कॅमेरा घेऊन दुसऱ्या टोकाला जाता आलं तर जा, म्हणजे ती नेहमी ३० मीटरवर राहील. दोन्ही टोकांना कोणत्या घरासमोर कॅमेरा लावायचा ते आधीच ठरवून तारेला दोऱ्याची खूण बांधून ठेवा आणि ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीवर खडूने रेघ मारा. तेवढ्या वेळात f/22 करून जागा शोधत बसणं होत नाही, खूण असली की होतं. सारखं पळणं जमणार नसेल तर अलीकडचे गेम मोबाइलवर घ्या, घराच्या मध्यावर टेकवून.

सुरू करण्यापूर्वी दहा सेकंदांची एक चाचणी घ्या. जाळीतूनच कॅमेऱ्याचं तोंड मोकळ्या आकाशाकडे करा, रेकॉर्ड दाबा आणि कॅमेरा दोन-तीन सेंमी हळूहळू आडवा सरकवा. मग ती क्लिप मोठी करून बघा. सपाट आकाशावर सरकणारी सावली लपत नाही. बांधलेल्या फ्रेमच्या रस्त्याने जात असाल तर किती सरकवल्यावर ती कोपऱ्यात दिसायला लागते ते बघा. तेवढीच तुमची मोकळीक, आणि वाऱ्याने जाळी त्याहून जास्त हलत असेल तर लेन्स जाळीपासून मागे न घेता थोडं अधिक झूम करा. चित्र अरुंद होईल आणि उघड्या ॲपर्चरला भोकही मोठं होईल, म्हणून भोक २० मिमीवरच राहील एवढा f-नंबर वाढवा: १२५ मिमीला f/6.3 चालेल. एका घरातून बाहेर पडायच्या या एकाच प्रसंगी ॲपर्चर थोडं बंद करणं बरोबर ठरतं.